हनुवटी मागून येते

दातांच्या तारा काढून वर्ष झालं होतं, त्यामुळे त्या पंधरा वर्षांच्या मुलाची तक्रार दातांची नसणार हे मला दिसतच होतं. आईच म्हणाली, "डॉक्टर, हा फोटोच काढू देत नाही. नाक मोठं आहे, ऑपरेशन करा म्हणतो."

मी त्याला बाजूने पाहिलं. नाक ठीक होतं. हनुवटी मागे होती, म्हणून ते पुढे आल्यासारखं वाटत होतं. दातांची ठेवण मात्र नीट जुळत होती, म्हणजे जबड्यात मोठा दोष नव्हता. ही हनुवटी अजून किती वाढणार, एवढंच पाहायचं होतं.

तारा लावण्याआधी, बाराव्या वर्षी काढलेला चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे फाइलमध्ये होता. नवा काढून घेतला. दोन्हींवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीने कडा गिरवल्या आणि मेंदूखालच्या हाडाची रेषा जुळवून कागद एकमेकांवर ठेवले. त्या हाडाची वाढ लहानपणीच जवळजवळ संपते, म्हणून मोजमाप तिथून करायचं. मुलाला जवळ बोलावून दाखवलं: नाकाचं टोक चांगलंच पुढे सरकलं होतं, हनुवटी जेमतेम. त्याच एक्स-रेत मानेचे मणके दिसतात. वाढ संपली की ते उभट होतात. याचे अजून आडवेच होते.

"म्हणजे अजून वाढणार?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली.

वाढणार होतीच. चेहऱ्याची हाडं एकाच वेळी वाढत नाहीत. वरचा जबडा आधी थांबतो, खालचा सर्वांत शेवटी. मुलांमध्ये तो विशीच्या उंबरठ्यापर्यंत हळूहळू वाढत राहतो, मुलींमध्ये साधारण दोन वर्षं आधी थांबतो. नाक मात्र पंधरा-सोळापर्यंत बरंचसं मोठं झालेलं असतं. मधली दोन-तीन वर्षं सगळा चेहराच नाक वाटतो, आणि आरशासमोर सर्वांत जास्त वेळ जातो तोही नेमका याच वयात. त्यात गालांची गोलाईही अजून उतरलेली नसते. तेव्हा नाक कापून लहान केलं, तर पुढे हनुवटी भरल्यावर ते त्या चेहऱ्याला अपुरं पडू शकतं. मी ऑपरेशनला नाही म्हटलं. तो खूश झाला नाही.

विसाव्या वर्षी तो अक्कलदाढ दुखते म्हणून आला. परवानगी घेऊन चेहऱ्याचा बाजूचा एक्स-रे पुन्हा काढला आणि त्याचंही ट्रेसिंग केलं. हनुवटी चारेक मिलिमीटर पुढे आली होती, नाक जवळपास होतं तिथेच होतं. नाकाचं विचारलं तर म्हणाला, "ते आता काही वाटत नाही."

पण ज्याचा खालचा जबडा आधीच पुढे आहे, त्याच्यासाठी हीच उशिराची वाढ उलटी पडते. दोष वाढत जातो. अशा मुलांचे एक्स-रे आम्ही दरवर्षी जुळवून पाहतो, आणि लागोपाठच्या दोन ट्रेसिंगमध्ये फरक उरला नाही की मगच जबड्याच्या शस्त्रक्रियेची तारीख देतो.