‘करण्यात यावे’ ते ‘करा’: आमच्या छोट्या स्टुडिओची वाटचाल

आमचा धंदा रिक्षातून सुरू झाला. 2008 साली नाशिकमधल्या सातपूरला दहा बाय दहाच्या खोलीत गाद्या लावून मी रेकॉर्डिंग करायचो. साड्यांचा सेल, नवीन क्लासेस, पालिकेची निवडणूक, जे येईल ते. आवाज आमच्या मास्तरांचा. मास्तर म्हणजे खरोखरचे निवृत्त शिक्षक. रिक्षाच्या भोंग्यातून रस्त्यावरच्या गोंगाटात ऐकू जायचं, तर आवाज चढवूनच बोलावं लागतं, आणि वर्गात चाळीस पोरांसमोर बोलून मास्तरांना ती सवय होतीच.

पुढे सातपूर-अंबडच्या कंपन्यांची कामं यायला लागली. कंपनीची ओळख करून देणारी फिल्म, नवीन प्लान्टचं उद्घाटन, डीलर लोकांचं संमेलन. सगळ्यांची मागणी एकच, “आवाज भारदस्त पाहिजे.” ते आम्हाला जमायचं. मास्तर माइकच्या दोन-तीन इंचांवर यायचे. इतक्या जवळून बोललं की या माइकमध्ये आवाजाचा खर्ज आपोआप फुगतो. वरून मी आवाजाचे चढउतार सपाट करणारा कॉम्प्रेसर थोडा लावायचो, माझी बायको एडिटिंगला बसायची आणि दोन वाक्यांमधला प्रत्येक श्वास कापून टाकायची. “गुणवत्तेच्या क्षेत्रात संस्था सदैव कटिबद्ध आहे” हे वाक्य आम्ही किती कंपन्यांसाठी रेकॉर्ड केलं, याची गणती नाही. पैसे वेळेवर मिळत होते, तक्रार करायचं कारण नव्हतं.

गाडी अडली ती एका प्रेस शॉपच्या, म्हणजे मशीनने पत्रा दाबून सुटे भाग करतात त्या शॉपच्या, सुरक्षेच्या फिल्मवर. नव्याने भरती झालेल्या कामगारांना पहिल्याच दिवशी दाखवायची अकरा मिनिटांची फिल्म. संहिता ऑफिसातून आली होती, इंग्रजीवरून केलेली. आम्ही जशीच्या तशी वाचली, बिल दिलं, विषय संपला. दोन महिन्यांनी सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. त्यांचं बोलणं मला अजून आठवतं. “फिल्म छान आहे हो तुमची. पण नंतर विचारलं की कुलूप कोणी लावायचं, तर पोरं एकमेकांची तोंडं बघतात.”

मी फिल्म पुन्हा काढून ऐकली. वाक्य असं होतं:

“यंत्राच्या देखभालीचे कार्य हाती घेण्यापूर्वी विद्युतपुरवठा खंडित करण्यात यावा व मुख्य स्विचला सुरक्षा कुलूप लावण्यात येऊन सदर कुलपाची चावी संबंधित कर्मचाऱ्याने स्वतःजवळ बाळगणे अनिवार्य आहे.”

व्याकरणात चूक नाही. पण ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. पुरवठा खंडित कोणी करायचा? कुलूप कोणी लावायचं? माणूस एकविसाव्या शब्दाला येतो, तोही ‘संबंधित’. कागदावर डोळा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, कानाला तशी सोय नाही.

आमची पहिली दुरुस्ती मात्र चुकलीच. सूर मोकळा करायचा म्हणजे गोड बोलायचं, असं आम्हाला वाटलं. सुरुवातीला ‘मित्रांनो’ घातलं, मध्ये दोन-तीनदा ‘चला तर मग’, आणि मास्तरांना सांगितलं की जरा हसतमुखाने वाचा. वाक्यं जवळपास तीच ठेवली, फक्त ‘लावण्यात यावे’चं ‘आपण लावूया’ केलं. फॅक्टरीत आठ-दहा जणांना ऐकवलं, तेव्हा एक फोरमन म्हणाला, “हे शाम्पूची जाहिरात वाटतंय.” पण खरी चूक शेजारी उभ्या असलेल्या पोराने काढली. त्याने विचारलं, “आपण म्हणजे कोण? मी, का मेंटेनन्सवाला?”

आपल्या मराठीत ‘आपण’ दोन कामं करतो. आदराने समोरच्याला म्हणायचं तरी आपण, आणि तुम्ही-आम्ही मिळून म्हणायचं तरी आपण. लग्नपत्रिकेत त्याने काही बिघडत नाही. पण ज्या वाक्यावर कोणाचे तरी हात अवलंबून आहेत, त्यात हा शब्द चालायचा नाही. तेव्हापासून आमच्याकडे कृती सांगणाऱ्या वाक्यात फक्त ‘तुम्ही’. ‘तू’ही नको, वयाने मोठे कामगार असतात आणि अरेतुरेने मोकळेपणा येत नाही, राग येतो.

मग मी दोन दिवस शॉपमध्ये जाऊन नुसता उभा राहिलो. जुना मेंटेनन्सवाला नवीन पोराला तेच काम कसं समजावतो, ते ऐकत. तो यंत्र म्हणत नव्हता, मशीन म्हणत होता. एका वाक्यात एकच काम सांगायचा, आणि ते करून झाल्यावरच पुढचं. मधूनच प्रश्न विचारायचा, पण उत्तराची वाट न बघता. आणि एक गोष्ट अशी करायचा जी आमच्या संहितेत नव्हतीच. कुलूप लावून झाल्यावर तो स्टार्टचं बटण दाबून बघायचा, मशीन खरंच मेलंय का ते. ऑफिसातल्या मूळ इंग्रजी कागदावर ही पायरी होती, भाषांतराच्या लांबलचक वाक्यात ती कुठेतरी गळून गेली होती आणि आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

परत येऊन लिहिलं ते असं:

“मशीन उघडायचंय? आधी मेन स्विच बंद करा. त्याला तुमचं कुलूप लावा. चावी तुमच्याच खिशात. सुपरवायझरनं मागितली तरी द्यायची नाही. आता स्टार्टचं बटण दाबून बघा. काही हललं नाही ना? मग कामाला लागा.”

मी खूश होतो. सेफ्टी ऑफिसर नव्हते. त्यांनी विचारलं, “आणि हवा?” प्रेसला हवेच्या दाबाची लाइन असते. लाइट बंद केली तरी पाइपात कोंडलेली हवा एखादा भाग हलवू शकते, आणि बटण दाबून ते कळेलच असं नाही. बोलीभाषेत आणायच्या नादात मी ‘अवशिष्ट दाब निष्कासित करून’ हे पुढचं अख्खं वाक्यच उडवलं होतं, कारण ते मला बोजड वाटलं होतं. बोजड होतं हे खरंच, पण त्यात मुद्दा होता. मग कुलपानंतर आणखी एक ओळ आली: “हवेचा व्हॉल्व्ह बंद करा, आत अडकलेली हवा सोडा, गेजचा काटा शून्यावर आला की पुढे.” आता आम्ही जुन्या संहितेतली प्रत्येक कृती आधी पेन्सिलीने मोजतो, आणि नव्या संहितेत तेवढ्या आहेत का ते सेफ्टीच्या माणसाकडून तपासून घेतो. सूर बदलताना मजकूर सांडतो तो याच ठिकाणी.

लांबीचाही हिशोब चुकला. जुनं वाक्य 25 शब्दांचं होतं, नवा मजकूर हवेच्या ओळीसकट 45 शब्दांचा झाला. मास्तर मिनिटाला साधारण 115 शब्द वाचतात, म्हणजे आधी तेरा सेकंदांत संपणारी गोष्ट आता चोवीस सेकंद घेणार, आणि वाक्यांमधल्या थांब्यांचा वेळ वेगळा. चित्रं तर जुन्या मापाने कापलेली. बायकोने कुलपाचं आणि गेजच्या काट्याचं नवीन शूटिंग मागितलं, ते बरंच झालं. काटा शून्यावर येईपर्यंत आवाज गप्प आहे, एवढ्या शांततेने जे काम होतं ते वाक्याने झालं नसतं. वेळ भरून काढायला आम्ही सुरुवातीची कंपनीच्या इतिहासाची दोन मिनिटं कमी केली.

राहिले मास्तर. संहिता बदलली तरी त्यांचा आवाज जुनाच यायचा. याचं एक कारण लेखनात सापडलं. मी सवयीने ‘केले, झाले, उघडायचे आहे’ असं टाइप केलं होतं. शुद्धलेखनाच्या नियमांनुसार एरवी तेच बरोबर, ‘केलं, झालं’ पात्रांच्या तोंडी. पण समोर ‘केले’ दिसलं की मास्तरांचा गळा आपोआप शाळेतल्या प्रकट वाचनावर जातो. तेव्हापासून निवेदनाची प्रत आम्ही बोलतो तशीच लिहितो, टिंबं देऊन, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे ओळ तोडतो. मास्तरांनी पहिल्यांदा ती प्रत बघितली तेव्हा लाल पेन मागितलं होतं.

दुसरं कारण हेडफोन. दोन्ही कान झाकून स्वतःचाच आवाज ऐकत वाचलं, की माणूस त्या आवाजाच्या प्रेमात पडतो आणि शब्दांना वळणं द्यायला लागतो. एक कान उघडा ठेवायला लावला. माइकपासून वीतभर लांब बसवलं, त्यामुळे फुगीर खर्ज गेला. समोर स्टुलावर आमच्या ऑफिसातला पोऱ्या बसवला आणि सांगितलं, याला समजावून सांगा. पहिल्या दोन टेकमध्ये ते कागदालाच समजावत होते. तिसऱ्यांदा ‘काही हललं नाही ना?’ म्हणताना त्यांनी मान वर करून पोऱ्याकडे बघितलं, त्याने नाही म्हणून मान हलवली, आणि तोच टेक फिल्ममध्ये आहे. श्वास आता कापत नाही, फक्त खाली आणतो, सहा ते आठ डेसिबलने. सगळे कापले की माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं.

एका कंपनीसाठी मोकळेपणाच्या नावाखाली गावाकडच्या बोलीतही एक नमुना करून बघितला. कामगारांनी तोंडावर सांगितलं, “आम्हाला काय अडाणी समजता का?” बोली ज्याची असेल त्यानेच बोलावी. आमच्या मास्तरांनी आव आणून बोलली, तर ती टिंगल होते.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात अवघड भाग मंजुरीचा. संवादी मजकूर कागदावर हलका दिसतो. अधिकारी तो मनात वाचतात, ‘उघडायचंय’ या शब्दाला गोल करतात आणि शेजारी लिहितात, “आमच्या दर्जाला शोभत नाही.” असे दोन प्रस्ताव आमच्या हातून गेले. तेव्हापासून कागद आधी पाठवत नाही. मोबाइलवर का होईना, माझ्या आवाजात रफ ट्रॅक करून तो पाठवतो. ऐकल्यावर भाषेबद्दलचे बरेच आक्षेप येतच नाहीत. आले तर ते बहुधा खरे असतात, जसा तो हवेचा होता. शॉपमध्ये उभं राहायचे दोन दिवस आणि संहिता नव्याने लिहिणं, हे आता आमच्या कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत असतं. सगळे देत नाहीत. जे देत नाहीत त्यांची संहिता आम्ही येईल तशी वाचतो.

आणि एक तुकडा आम्ही कुठल्याच फिल्ममध्ये बदलत नाही. सुरुवातीचं मालकांचं मनोगत. तिथे ‘कटिबद्ध’ असतं, ‘सदैव’ असतं, ‘करण्यात येत आहे’ असतं, आणि ते तिथे राहू द्यावं. त्या चाळीस सेकंदांसाठी मास्तर खुर्ची पुढे ओढतात, खाकरून गळा साफ करतात आणि हेडफोन दोन्ही कानांवर चढवतात.