शिट्टी हवेतून की तारेतून? आत्याच्या ओव्यांची नोंद, भाग ३

मागच्या वेळी लिहिलं होतं की आत्याच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कुठूनतरी शिट्टी येतेय. रत्नागिरीचं घर, चौथा मजला, जुलै महिना, खिडक्या बंद, पंखा बंद. आत्या कॉटवर, समोर स्टँडवर यूएसबी मायक्रोफोन, लॅपटॉप माझ्या मांडीवर. तासाभराच्या फाइलमध्ये एक बारीक सूर सतत होता आणि दुसरी शिट्टी अधूनमधून, कधी पाच सेकंद, कधी अर्धा मिनिट. कानाने दोन्ही एकाच जातीच्या वाटल्या. सरळ फ्रिजवर आळ घेतला आणि दुसऱ्या बैठकीला त्याचा प्लग काढून ठेवला. शिट्टी तशीच राहिली, दूध मात्र नासलं. आत्या त्यावर जे बोलली तेही रेकॉर्ड झालंय, ते ठेवणार आहे.

या आठवड्यात शेवटी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आडवा काळ आणि उभे सूर दाखवणारं आवाजाचं चित्र, उघडून नीट बसलो. आधी सेटिंगबद्दल, कारण पहिले दोन दिवस मी चुकीच्या चित्राकडे बघत होतो. `Scale` मी `Linear` केलं. इतर पर्यायांत वरचे सूर दाटीवाटीने दिसतात आणि रेघांमधलं अंतर सारखं आहे की नाही हे डोळ्याला कळत नाही. मग `Window size`, म्हणजे एका वेळी आवाजाचे किती नमुने एकत्र मोजायचे ती खिडकी. माझी फाइल ४८,००० हर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला तितके नमुने. खिडकी ४०९६ ची ठेवली तर सुरांची एक पायरी साधारण १२ हर्ट्झची पडते, पण काळाच्या बाजूने ८५ मिलिसेकंदांचं सगळं एकत्र मिसळतं. २५६ ठेवली तर काळ ५ मिलिसेकंदांपर्यंत सुटा होतो आणि सुरांच्या रेघा जाडजूड पट्टे होतात. दोन्ही एकदम मिळत नाही. एकच आवाज दोन्हींत बघायची सवय लावून घ्या. आमच्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची घरघर मोठ्या खिडकीत १००-१०० हर्ट्झवर रचलेल्या आडव्या रेघांसारखी दिसते, आणि लहान खिडकीत तीच दर १० मिलिसेकंदांनी एक अशा उभ्या टिचक्या होऊन जाते. आवाज तोच असतो, चित्र फक्त आपण कसं कापलं त्यावर ठरतं.

आता सतत येणारा सूर. ४०९६ वर पाहिलं तर १०००, २०००, ३००० असं थेट वरपर्यंत, पट्टीने आखल्यासारख्या रेघा. तासभर तसूभरही हलत नाहीत. आत्या ओवी म्हणत असो वा चहा पीत असो, जाडी तीच, रंग तोच. `Plot Spectrum` मध्ये ६५,५३६ चा आकार घेऊन शिखर तपासलं, तर बरोबर १००० वरच. घरातलं कुठलंही फिरणारं यंत्र इतकं काटेकोर नसतं. त्याचा वेग भाराप्रमाणे थोडा तरी हलतो. आणि विजेची गुणगुण म्हणावी तर ती ५० आणि १०० च्या पटीत येते, मधल्या रेघा इथे नाहीतच. यूएसबीच्या साध्या वेगावर संगणक दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवतो, म्हणजे सेकंदाला १०००. त्या प्रत्येक फ्रेमला मायक्रोफोनच्या पुरवठ्याला बारीकसा धक्का बसतो आणि स्वस्त मायक्रोफोनमध्ये तो आवाजात उतरतो. खात्री करायला मायक्रोफोनवरचा गेनचा खटका तळापासून वरपर्यंत फिरवला. खोलीचा आवाज वाढत गेला, रेघा मात्र जवळपास तशाच. म्हणजे हे पाणी टाकीतून येत नाही, नळाच्या पुढे मिसळतंय.

खरी मजा दुसऱ्या शिट्टीत होती.

ती रेघ सरळ नव्हतीच. १९०० च्या आसपास सुरू व्हायची, डगमगत २१०० पर्यंत चढायची, मग एकदम तुटून २६०० ला दिसायची, पुन्हा खाली. कडा धूसर, जणू पावसात पेनची शाई फुटली. मी फक्त त्या रेघेवर डोळा ठेवून दोन संध्याकाळी घालवल्या. उत्तर खाली होतं. चित्र ० ते ५०० हर्ट्झपर्यंत मोठं केलं तेव्हा दिसलं की शिट्टी जिथे जिथे सुरू होते, त्याच उभ्या ओळीत तळाशी २०० च्या खाली एक ढगळ पट्टा उजळतो. बाराही ठिकाणी. पट्टा आधी, शिट्टी अर्ध्या-एक सेकंदाने मागून. पट्टा म्हणजे वाऱ्याचा झोत. झोत वाढला की सूर चढतो, आणि एका हद्दीनंतर उडी मारतो, बासरीत जोरात फुंकलं की स्वर वर उडतो तसा. फ्रिज असता तर सुरू होताना एक उभी टिचकी आणि मग १०० हर्ट्झची स्थिर रेघ दिसली असती. तसलं काही नव्हतं. प्लग काढायच्या आधी हे बघितलं असतं तर दूध वाचलं असतं.

हवेतून की तारेतून, हे ठरवायला एरवी मी रेघेचं शेपूट बघतो. खोलीत वाजलेला आवाज थांबल्यावर घुमून हळू विरतो, तारेतला कात्रीने कापल्यासारखा थांबतो. इथे ते चाललं नाही, कारण वारा स्वतःच हळू विरत होता. म्हणून तिसऱ्या बैठकीला जुना फोन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवून तोही रेकॉर्डवर लावला आणि सुरुवातीला एक टाळी वाजवली. टाळीची उभी रेघ दोन्ही फाइलींत जुळवली की झालं. १००० ची शिडी फोनमध्ये नाही, डगमगती रेघ तंतोतंत त्याच जागी आहे, उडीसकट.

मग आत्याला बाजूला बसवून खिडकी शोधली. सरकती अॅल्युमिनियमची, पश्चिमेकडची. ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी बाहेर जायला जी भोकं असतात त्यातल्या एकावर बोट ठेवलं की शिट्टी बंद, काढलं की सुरू. आत्या म्हणाली, “अरे, ही तर दर पावसाळ्यात वाजते. मला विचारायचंस तरी!” कागदी टेप लावून दहा मिनिटं घेतली. तळाचा पट्टा आहे, वरची रेघ गेली. टेप रेकॉर्डिंगपुरताच, नंतर काढायचा, नाहीतर पाणी घरात.

यूएसबीसाठी स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब मधे घातला. १००० आणि २००० बऱ्याच फिकट झाल्या, ३००० अजून दिसते. आधीच्या फाइली मोनो आहेत, त्यांवर `Nyquist Prompt` मध्ये हे चालवलं, ते या तीन सुरांवर बारीक खाच पाडून तेवढेच सूर काढतं:

```
(notch2 (notch2 (notch2 *track* 1000 50) 2000 100) 3000 150)
```

शेवटचा आकडा मुद्दाम वाढवत नेलाय. सूर भागिले तो आकडा म्हणजे खाचेची रुंदी, आणि ती तिन्ही ठिकाणी २० हर्ट्झच राहते. एकच आकडा ठेवला तर वरची खाच रुंद होऊन आवाज खाते.

शिट्टीला हा उपाय नाही, ती जागेवर बसतच नाही. `Spectral edit multi tool` ने तुकडे कापून पाहिले. ओव्यांच्या मधल्या शांततेत छान निघाली, पण ‘बाई’ आणि ‘माझ्या’वर हात फिरवला की आत्याचा आवाज गाळणीतून आल्यासारखा होतो. तिथे ती तशीच ठेवलीय. त्या चार ओव्या पुढच्या रविवारी पुन्हा म्हणून घ्यायच्या, टेप लावून.