रात्रपाळीचा रक्तदाता आणि तीन निरोप

आमच्या रक्तपेढीच्या शिबिरांची नोंदणी आणि नोंदणी केलेल्यांना पाठवायचे निरोप ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. पूर्वी आम्ही शिबिराच्या आठवडाभर आधी, एक दिवस आधी आणि एक तास आधी एकच मजकूर तीनदा पाठवत होतो. दुसरा निरोप पहिल्यासारखाच दिसला की लोक तिसरा उघडतच नाहीत, हे शिबिराच्या दारात उभे राहून चार प्रश्न विचारले तरी कळते. म्हणून या वेळी पुण्यातल्या एका रविवारच्या शिबिरासाठी मी तिन्ही निरोप नव्याने बांधले. कसोटी एकच ठेवली होती: त्या घटकेला वाचणाऱ्याच्या हातात जे करण्यासारखे उरले आहे, तेवढेच त्या निरोपात यावे.

आठवडाभर आधीच्या निरोपात दिनांक, वेळ आणि दोनच गोष्टी होत्या. मागच्या रक्तदानाला पुरुषाचे ९० आणि स्त्रीचे १२० दिवस पूर्ण झाले आहेत का, हे घरी बसून तपासता येते आणि नसतील तर नाव मागे घेता येते. दुसरी गोष्ट संकष्टीची. रविवारी संकष्टी होती आणि उपाशी माणसाचे रक्त घेत नाहीत. साबुदाण्याची खिचडी खाल्लेला माणूस उपाशी धरायचा की नाही, यावर आमच्या डॉक्टरांशी हुज्जत घालणारे दर शिबिरात भेटतातच, त्यामुळे हे आधीच निकालात काढलेले बरे. हिमोग्लोबिन १२.५ लागते हे मात्र मी मुद्दाम वगळले. ते आठवड्यात वाढत नाही. वाचणारा नुसता काळजीत पडतो आणि कमी आहे की नाही हे तर शिबिरात बोटाला टोचल्यावरच कळणार असते.

आदल्या दिवशीच्या निरोपात रात्रीची पुरेशी झोप, सकाळचा नाश्ता आणि ओळखपत्र. तासाभरापूर्वीच्या निरोपात नाश्त्याचा उल्लेख नव्हता, कारण तोवर माणूस दुचाकीवर बसलेला असतो. तिथे फक्त पाणी आणि कोणत्या फाटकाने यायचे एवढेच होते. पुढचे फाटक त्या दिवशी लग्नाच्या मांडवाने अडणार होते आणि हे आम्हाला शनिवारी रात्री कळले. सुदैवाने फाटकाचे नाव मी बदलता येईल अशा मोकळ्या जागेत ठेवले होते.

आता मराठीतला एसएमएस लिहिणे म्हणजे काय, ते थोडे सांगते. इंग्रजी निरोपात १६० अक्षरे मावतात. देवनागरीचे एक जरी चिन्ह आले, तरी मर्यादा ७० वर येते. शिवाय यंत्र आपल्यासारखी अक्षरे मोजत नाही. ‘रक्तदान’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, पण क, हलन्त, त आणि काना असे सगळे वेगवेगळे धरल्यामुळे ते सात भरते. तासाभरापूर्वीचा निरोप मी दोन संध्याकाळी घासत बसले होते. ‘आज ९.०० वा. रक्तदान. मागच्या फाटकाने या. निघताना २ पेले पाणी प्या.’ हा मजकूर ६६ भरतो आणि त्याचा मला अभिमान वाटला होता. पण शेवटी रक्तपेढीचे नाव घातले की तो सत्तरीपलीकडे जातो. मग त्याचे दोन तुकडे होतात, आणि तुकडे परत जोडण्याच्या खुणेसाठी प्रत्येक तुकड्यातली तीन चिन्हे खर्ची पडून ६७ च उरतात.

हे साचे आधी दूरसंचार कंपनीकडे नोंदवून मंजूर करून घ्यावे लागतात. मधल्या मोकळ्या जागा सोडल्या, तर मंजूर मजकुरातला एक शब्दही नंतर बदलता येत नाही. आमच्या जनसंपर्क विभागातल्या सहकाऱ्याने नोंदणी करताना, तुकडे दोन होणारच आहेत तर जागा कशाला वाया घालवायची, असा विचार करून तासाभरापूर्वीच्या साच्याच्या शेवटी ‘मित्रांनाही सोबत आणा’ हे वाक्य जोडले. सेवेचा निरोप म्हणून तो साचा परत आला, तेव्हा त्याने मला न विचारता तो जाहिरातीच्या प्रकारात भरला आणि मंजुरी मिळवली. माणूस मनाने चांगला आहे, पण रिकामी जागा दिसली की त्याला घोषणा सुचते. जाहिरातीचे एसएमएस सकाळी १० ते रात्री ९ एवढ्याच वेळात जातात. आमची पहिली वेळ ९ ची, म्हणजे तिचा निरोप ८ वाजता जायला हवा होता. तो गेलाच नाही, आणि ११ च्या आधीच्या एकाही वेळेचा गेला नाही.

हे मला कळले ते फोनमुळे. ८.५० पासून एकेक जण पुढच्या फाटकावरून विचारू लागला की शिबिर रद्द झाले आहे का. पोहोच-अहवाल उघडला तेव्हा सकाळच्या ओळींपुढे सगळीकडे अपयशाचा शेरा होता. मी आणि एका स्वयंसेवकाने यादी वाटून घेतली आणि उरलेल्यांना एकेक फोन केला. हा घोळ चीड आणणारा असला, तरी त्याचे कारण सापडले आणि दुसऱ्याच दिवशी ते वाक्य काढून साचा पुन्हा सेवेच्या प्रकारात नोंदवला. माझ्या डोक्यातून जात नाही ते दुसरेच.

साडेनऊच्या वेळेचे एक गृहस्थ चाकणहून थेट कारखान्यातून आले होते. अंगावर कंपनीचा गणवेश, हातात डबा, डोळे लाल. त्यांनी नाश्ता केला होता, ओळखपत्र आणले होते. डॉक्टरांनी झोपेचे विचारले, तेव्हा त्यांनी रात्रपाळी करून आलो हे सरळ सांगितले. पुरेशी झोप न झालेल्या रात्रपाळीच्या माणसाचे रक्त घ्यायचे नाही, असा नियमच आहे. डॉक्टरांनी त्यांना चहा-बिस्किटे देऊन परत पाठवले. जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा निरोप शनिवारी सकाळी आला, तेव्हा मी झोपलो होतो. संध्याकाळी कामावर निघताना पाहिला. आता पाळी कोण बदलून देणार? आठवड्याआधी सांगितलं असतंत, तर मी सोमवारीच सुपरवायझरशी बोललो असतो.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी पाळीचे वेळापत्रक गृहीतच धरले नव्हते. रात्रीची झोप ही आदल्या दिवशी करण्यासारखी गोष्ट आहे, हे मी माझ्या दहा ते सहाच्या नोकरीवरून ठरवले होते. ज्याची आठवड्याची पाळी सोमवारी लागते, त्याच्यासाठी शनिवारच्या झोपेचा निर्णय सोमवारी झालेला असतो. कसोटी बरोबर होती, पण ‘हातात काय उरले आहे’ हा प्रश्न मी एकाच माणसाला विचारला होता आणि तो माणूस मीच होते.

आता पुढच्या शिबिराचा पहिला साचा माझ्यासमोर आहे. ‘रात्रपाळी असल्यास आधी पाळी बदलून घ्या.’ या वाक्याची ३८ चिन्हे होतात. दिनांक, वेळ, दिवसांचे अंतर आणि आमचे नाव घातल्यावर दोन तुकड्यांत जेमतेम एका वाक्याची जागा उरते. तिथे आधी संकष्टीचे वाक्य होते. पुढचे शिबिर संकष्टीला नाही, म्हणून या वेळी निवड सोपी आहे. त्यानंतरचे मात्र आषाढी एकादशीच्या दिवशी ठरते आहे, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना मी दिनांक बदलायला सांगितले, तर ते म्हणतात की लोक त्याच दिवशी मोकळे असतात.