तुम्ही विचारलंत म्हणून : सिनियर केजी दोनदा

"एवढा चुणचुणीत आहे, मग सिनियर केजी दोनदा का? नापास झाला होता का?"

केजीत कोणी नापास होत नाही, हे विचारणाऱ्यांनाही माहीत असतं. तरी विचारतात, आणि बहुतेक वेळा माझ्या मुलासमोरच विचारतात. आजवर मी "लहान होता हो, म्हणून" एवढ्यावर भागवत आले. त्यावर "आमचाही लहानच होता, घातला की पहिलीत" असं उत्तर येतं आणि विषय चहावर जातो. आज चहा नाही, म्हणून सगळं सांगते.

त्याचा जन्म डिसेंबर २०१७ चा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला. पूर्वीच्या नियमाने पहिलीसाठी ३० सप्टेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागायची. २०२० च्या जीआरने ती तारीख ३१ डिसेंबर केली. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मुलांचं एक वर्ष वाचलं म्हणून तेव्हा सगळे खूश होते, मीही होते. मुलगा तोच, जन्मतारीख तीच. जुन्या नियमात तो वर्गातल्या सगळ्यात मोठ्या मुलांमध्ये बसला असता. नव्या नियमात तो सगळ्यात लहान. त्याच्या वर्गात ३ जानेवारी २०१७ ची एक मुलगी होती. दोघं एकाच बाकावर, एकच वही, एकच पेन्सिल, आणि मध्ये जवळजवळ बारा महिने. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एवढे महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा. दहावीत हाच फरक सहा-सात टक्क्यांवर येतो.

हे मला आधीपासून माहीत होतं. मी संख्याशास्त्र शिकवते. कॅनडातल्या आइस हॉकीचं उदाहरण वर्गात दरवर्षी देते. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, आणि १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरच्या दर्जाच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कारण साधं आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांतून निवड करताना प्रशिक्षकाला जो उंच आणि दणकट दिसतो, तो बहुतेक वेळा नुसता मोठा असतो. पण निवड झाली की त्याला जास्त सराव, चांगला प्रशिक्षक आणि जास्त सामने मिळतात, आणि मग तो खरंच चांगला होतो. मुलांना हे उदाहरण आवडतं, हशाही पिकतो. मीही हसायचे, आणि वर सांगायचे, "शाळेत हा फरक वयाबरोबर विरतो, त्यामुळे तारखा बघून मुलं जन्माला घालू नका."

मग सिनियर केजीची ती मीटिंग झाली. जानेवारीचा शेवट होता, त्याला नुकतीच पाच वर्षं पूर्ण झाली होती.

मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला टेकवून मी बसले होते. मॅडमनी फाईल उघडली. पेन्सिल मुठीत धरतो. ओळीत लिहीत नाही. 'ब' आणि 'व' मध्ये गोंधळ होतो, इंग्रजी 'एस' उलटा काढतो. गोष्ट सांगताना मध्येच उठतो. डबा संपत नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्या थांबून माझ्याकडे बघायच्या. शेवटी अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "एकदा कुठेतरी दाखवून घ्या. लक्ष लागण्याचा काही प्रश्न असेल तर लवकर कळलेलं बरं."

त्यांच्या मागच्या भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता होता. बारा कागदी फुगे, प्रत्येकावर एक महिना आणि त्या महिन्यातल्या मुलांची नावं. शेजारीच दुसरा तक्ता, लिहिण्याच्या वेगानुसार केलेल्या गटांचा : ससे, हरणं, कासवं. मी मॅडमचं बोलणं ऐकायचं सोडून दोन्ही तक्त्यांवरची नावं जुळवत बसले. कासवांत ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. एक ऑगस्टचा. सशांत एक जुलैचा सोडला तर सगळे एप्रिलच्या आतले. एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या पेपरात लाल शाईने लिहिते. तरीही माझे हात गार पडले.

मी म्हटलं, "मॅडम, तो डिसेंबरचा आहे." त्या म्हणाल्या, "हो, पण वर्गात सगळे एकाच वर्षाचे आहेत ना."

आम्ही दाखवून घेतलं. विकासाच्या टप्प्यांची तपासणी करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळ्यात आधी जन्मतारीख विचारली आणि कागदावर वय वर्ष-महिन्यांत लिहिलं. मग ठोकळे, चित्रं, एका पायावर उभं राहणं, गोष्ट ऐकून सांगणं. प्रत्येक गोष्ट त्यांनी पाच वर्षं दोन महिन्यांच्या मुलांशी ताडून पाहिली, वर्गाशी नाही. सगळं वयाप्रमाणे होतं, बोलणं थोडं पुढेच. पेन्सिल तीन बोटांत स्थिरावायला अजून वेळ आहे आणि या वयात अक्षरं उलटी निघतात, असं त्या म्हणाल्या. फी घेतली आणि आम्ही निघालो.

गाडीत त्याने विचारलं, "मला काय झालंय?" काही नाही, म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाला, "मी कासवांतला आहे ना, म्हणून." मग कळलं की डबा का संपत नव्हता. कासव हळू खातं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, आणि तो ते मन लावून पाळत होता.

त्या रात्री मी वाचलेलं सगळं परत काढलं. बेडार्ड आणि ड्युई यांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या मुलांचे गणित-विज्ञानाचे गुण तपासले होते. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर चौथीत वर्गातली सगळ्यात लहान मुलं सगळ्यात मोठ्यांपेक्षा ४ ते १२ जागा मागे असतात, आठवीत २ ते ९. म्हणजे विरतो, पण मी वर्गात सांगायचे तितका नाही. दुसरा अभ्यास २०१८ चा, अमेरिकेतला. तिथल्या बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरची तारीख आहे, म्हणून ऑगस्टचं मूल वर्गात सगळ्यात लहान आणि सप्टेंबरचं सगळ्यात मोठं. अतिचंचलतेचं, म्हणजे एडीएचडीचं, निदान ऑगस्टच्या दहा हजार मुलांत सुमारे ८५ जणांना झालं होतं, सप्टेंबरच्या दहा हजारांत ६४ जणांना. ज्या राज्यांत ही तारीख नाही, तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे ऑगस्टच्या मुलांत काही खोट नव्हती. शेजारच्या बाकावर कोण बसलंय, त्यावरून त्यांचं निदान होत होतं.

मग आम्ही त्याला थांबवलं. तसं पाहिलं तर आम्ही त्याला जुन्या नियमाने शाळेत घातलं, इतकंच.

'आम्ही' हा शब्द नवऱ्याला मान्य नाही. त्याच्या हाती नॉर्वेचा २०११ चा अभ्यास आहे, आणि तो मीच त्याला दिला होता. तिथे लष्करभरतीच्या वेळी अठराच्या सुमारास सगळ्या मुलग्यांची बुद्धिमापन चाचणी व्हायची. त्यामुळे शाळा कोणत्या वयात सुरू केली आणि परीक्षेच्या दिवशी वय किती होतं, हे वेगळं काढता आलं. बहुतेक फरक परीक्षेच्या दिवशीच्या वयाचा निघाला. लवकर शाळेत गेलेल्यांचं नुकसान नव्हतंच, उलट किंचित फायदा होता. तो म्हणतो, "म्हणजे तू फक्त त्याचं वय वाढवलंस. एक वर्षाची फी, आणि पुढे नोकरीचं एक वर्ष कमी." बरोबर आहे. पण अठराव्या वर्षीची सरासरी मला पाचव्या वर्षीच्या कासवाबद्दल काय सांगणार?

आमच्या सासऱ्यांची कागदावरची जन्मतारीख १ जून. त्यांच्या पिढीत गावोगाव हीच तारीख, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि खरी तारीख कोणाकडे नसायची. गुरुजी लिहून टाकायचे. डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरता आला की मूल शाळेला तयार. (या लोकांच्या नोंदींवर असा अभ्यास करायचा म्हटला तर निम्मा जिल्हा एकाच दिवशी जन्मलेला निघेल.) आम्ही त्या कानाला हसतो. पण त्यात निदान मुलाकडे बघितलं जायचं.

एका मैत्रिणीने तोंडावर सांगितलं की मी फुकटचा फायदा उकळला. माझा मुलगा शेपटाकडून डोक्याकडे गेला, तेव्हा दुसरं कुणाचं तरी मूल शेपटाला गेलं. हे खरं आहे. कोणतीही तारीख ठेवा, कोणीतरी सगळ्यात लहान असणारच, आणि एक वर्ष थांबवणं परवडतं ते आमच्यासारख्यांनाच. यावर माझ्याकडे उत्तर नाही. शाळेकडे असू शकलं असतं. इंग्लंडमध्ये इलेव्हन-प्लस या शाळाप्रवेशाच्या परीक्षेचे गुण मुलाच्या वयाच्या महिन्यांनुसार जुळवून घेतात. केजीत तेवढंही नको. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात वय वर्ष-महिन्यांत लिहिलं आणि 'दाखवून घ्या' म्हणण्याआधी तो कोपरा वाचला, तरी पुरे. हे मी शाळेला पत्राने कळवलं होतं. ससे-हरणांच्या जागी पुढच्या वर्षी लाल-पिवळा-निळा आलं, गट तसेच राहिले.

दुसरीत गेल्यापासून तो बरा पुढे आहे, आणि तुम्ही म्हणता, "बघा, फायदा झाला." कशावरून? तो वर्षाने मोठा आहे, एवढं तरी कारण आहेच. थांबवला नसता तर काय झालं असतं, ते बघायला दुसरा तोच मुलगा लागेल. त्याला विचारलं तर सांगतो की दुसऱ्यांदा सिनियर केजीत कंटाळा आला, आणि जुना मित्र पुढे गेला तो मधल्या सुट्टीत भेटायचाही बंद झाला.

आमच्याच सोसायटीतली एक मुलगी २९ डिसेंबरची. तिच्या आईने माझा सल्ला विचारला, तासभर ऐकून घेतलं आणि मुलीला सरळ पहिलीत घातलं. मुलगी वर्गात पहिल्या तिघांत आहे. नवरा म्हणाला, "बघ." मी म्हटलं, एका मुलीवरून काही ठरत नाही. तो म्हणाला, "मग एका मुलावरून तू काय ठरवलं होतंस?"