कोमट पाणी आणि कोंबडं

महिन्याभरापूर्वी एका दुपारी दात दाखवायला गेले होते. गार पाणी लागलं की पुढच्या दातांत कळ जायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरसा आत घालून पाहिलं आणि दाताचं काही न बोलता विचारलं, "काकू, सकाळी उठल्यावर लिंबूपाणी घेता का?" तोंडात कापूस असल्यामुळे मी नुसती मान हलवली. "घोट घोट?" परत मान हलवली. "पोट साफ व्हायला?" आता मान हलवायचीही लाज वाटली. खुर्चीत आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, एका तिशीच्या मुलीसमोर आपल्या पोटाची कबुली द्यायची म्हणजे काय!

दातांची कडा आंबटानं झिजली होती. कोमट लिंबूपाणी दहा-पंधरा मिनिटं घोळवत प्यायचं आणि लगेच ब्रश घ्यायचा, असा माझा सात वर्षांचा क्रम. आंबटानं दातावरचं कवच तात्पुरतं मऊ पडतं आणि मऊ कवचावर मी इमानेइतबारे ब्रश घासत होते. घ्यायचंच असेल तर एका दमात घ्या, साध्या पाण्यानं चूळ भरा आणि ब्रश अर्ध्या तासानं, असं त्यांनी बजावलं. रिक्षातून येताना मात्र डोक्यात दुसरंच सुरू झालं. दात गेले ते गेले, पण ज्याच्यासाठी गेले ते तरी होत होतं का?

वाईच्या आमच्या घरात आजोबा पहाटे तांब्याभर पाणी प्यायचे. रात्री भरून फडक्यानं झाकून ठेवलेला तांब्याचा तांब्या. पाणी पोटात गेलं की ओटीवरून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या. आठ, दहा, कधी बारा. मग एकदम थांबायचे, जानवं कानाला लावायचे, आणि घरातल्या अकरा जणांना कळायचं की अंगणापलीकडची ती एकुलती एक खोली आता वीस मिनिटं मिळायची नाही. दूधवाल्याच्या आधी आजोबा, दूधवाल्यानंतर काका, हा क्रम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडल्याचं मला आठवत नाही. आजोबा सगळं श्रेय पाण्याला द्यायचे. चुलीपुढून आजी पुटपुटायची, "पाण्यानं नाही हो, येरझाऱ्यांनी होतं."

आजीचं निम्मं तरी बरोबर होतं, असं आता वाटतं. मोठं आतडं रात्री जवळजवळ झोपलेलं असतं आणि आपण उठलो की तेही उठतं. दिवसातून मोजक्या वेळा त्यातून एक जोरकस लाट जाते, आतला ऐवज पुढे ढकलत. ही लाट येण्याची सगळ्यात हमखास वेळ म्हणजे सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यावर. जठरात अन्न पडलं की खाली निरोप जातो, जागा करा. पण हा निरोप जोरात जायला पोटात काहीतरी कसदार पडावं लागतं, स्निग्ध असलं तर अधिक बरं. नुसत्या पाण्याला कस तो कसला? ते जठरात रेंगाळतसुद्धा नाही. अर्ध्याअधिक पाण्याला जठरातून निघायला वीस मिनिटंही पुरतात.

१९९० साली इंग्लंडमधल्या काही डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं होतं. कॉफी घेतली की जावं लागतं असं सांगणाऱ्यांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात त्यांनी दाब मोजणारी नळी ठेवली आणि कॉफी पाजली. चार मिनिटांत हालचाल वाढली. कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीनंही वाढली. मग नुसतं गरम पाणी पाजलं. काही नाही. एकाच्याही नाही. हे वाचल्यावर मला गरम पाण्याची उगाच दया आली. लोक मोजके होते, तेव्हा हा काही अखेरचा निवाडा नव्हे. पण साध्या पाण्याच्या बाजूनं बोलणारं तितकं ठोस मला काही सापडलं नाही.

आणि आपण समजतो तसं ते पाणी वरून खाली नळ धुतल्यासारखं जातच नाही. लहान आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, पिण्याचा आणि पाचकरसांचा मिळून. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. उरलेला दीडेक लिटर मोठं आतडं शोषून घेतं आणि मलातून बाहेर पडतं ते जेमतेम पेलाभर. आपण जास्तीचा पेला घेतला तर तो लघवीवाटे जातो. अंगातच पाणी कमी असेल तर गोष्ट वेगळी. मल मऊ व्हायचा तर पाणी धरून ठेवणारं काहीतरी आतड्यात हवं. इसबगोल तेच करतं, म्हणून तिथे पाणी भरपूर प्यावं लागतं. लिंबाचं म्हणाल तर अर्ध्या लिंबात फार तर ग्रॅमभर आम्ल. जठर स्वतः त्याहून कितीतरी आंबट. त्याला लिंबाचं काय कौतुक!

तरी माझा विश्वास बसेना. मग कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेन्सिलीनं खुणा केल्या. एक आठवडा लिंबूपाणी, एक आठवडा साधं कोमट, एक आठवडा काहीच नाही, थेट चहा. तिन्ही आठवड्यांत सहा-सहा दिवस खूण, एकेक दिवस कोरा. ह्यांनी चौकोनात डोकावून विचारलं, "दूध कुणी दिलं नाही का तीन दिवस?"

ते तीन कोरे दिवस मात्र बघण्यासारखे होते. एकदा नळाला लवकर पाणी आलं म्हणून पिंप भरत बसले. एकदा सहा चाळीसची गाडी होती. एकदा नणंदेचा फोन, तो काही लवकर संपणारा नव्हे. तिन्ही वेळा कळ आली होती आणि मी तिला "थांब जरा" म्हटलं. ती कुणासाठी थांबत नाही. थोड्या वेळानं आतडं सैलावतं, हाक विरते, पाणी मात्र शोषलं जात राहतं आणि दुसऱ्या दिवशी वसुली होते. एकाच पोटावरचा प्रयोग, त्याला कोण विचारतो. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि माझं लिंबूपाणी हे सात वर्षं आरवणारं कोंबडं निघालं. आजोबांना दूधवाल्याच्या आधीची ती वीस मिनिटं मिळत होती, कुणी हाक मारायचं नाही, ही खरी गोष्ट.

लिंबू बंद केलंय. कोमट पाणी घेते, कारण चहाचं आधण उकळेपर्यंत हातात काहीतरी लागतं.

पाण्यावरून मामा आठवले. चाळीस वर्षं सकाळी सहाला घड्याळ लावून घ्यावं असं त्यांचं पोट. ते बिनसलं तेव्हा त्यांनी एका पेल्याचे दोन केले, मग तीन, मग दोन लिंबं, मग सैंधव. आम्ही सगळे उपाय सुचवत होतो, मीसुद्धा. मध, एरंडेल, उकडलेले अंजीर. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी विचारलं, "पोटाची सवय कधीपासून बदलली?"

मामा म्हणाले, "दिवाळीपासून."

तेव्हा अक्षय्य तृतीया होऊन गेली होती.