मॅनोमीटरचं पाणी वर चढलं म्हणून लीक नाही?

नवतप्यातली गोष्ट आहे पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो. नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका मेसमध्ये रात्री किचनच्या बाजूच्या स्टोअरमध्ये गॅसचा वास यायचा. सिलेंडर मागच्या शेडमध्ये, तिथून पाइप छतावरून फिरून किचनमध्ये उतरतो. लाइन टाकणाऱ्या एजन्सीने येऊन टेस्ट घेतली, पास लिहून दिलं, वास काही गेला नाही. त्यांच्या कागदावर प्रेशर लिहिलं होतं 150. मी तिथंच डोक्याला हात लावला.

मॅनोमीटर म्हणजे दाब मोजायची, पाणी भरलेली यू आकाराची नळी. तिच्यात शून्यापासून एका बाजूचं पाणी 150 मिलिमीटर खाली जातं तेव्हा दुसऱ्या बाजूचं 150 वर चढतं, आणि प्रेशर म्हणजे दोन्ही पातळ्यांमधला फरक, 300. एलपीजीच्या शेगडीला तेवढंच लागतं. एकच बाजू वाचली की प्रेशर अर्धं होतं, आणि लीकही अर्धाच दिसतो. (काही स्केलवर आकडे आधीच दुप्पट छापलेले असतात, म्हणून आधी स्केल बघायची मग पाणी.) नळी उभी सरळ पाहिजे, आत बुडबुडा नको, आणि डोळा पाण्याच्या लेव्हलला आणून मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. एवढं साधं आहे पण लोक उभ्याउभ्या वरून बघून आकडा टाकतात.

मी सकाळी अकराला सुरू केलं. रेग्युलेटरनंतरची युनियन, म्हणजे पाइपचा खोलता येणारा जोड, खोलून प्लग मारला, म्हणजे सिलेंडरकडून काही आत यायचा प्रश्नच नको, कारण बंद वॉल्व्हमधून गॅस झिरपत असला तरी पाणी चढतं आणि लीक झाकला जातो. शेगड्यांकडचे वॉल्व्ह बंद. हातपंपाने हवा भरून 300 वर आणलं, थोडं थांबलो, मग दहा मिनिटं मोजली. रीडिंग 312.

माझा हेल्पर म्हणाला, "भाऊ, हे तर वरच चाल्लं ना बे, लीक कायचा?"

एजन्सीवाल्यांचंही हेच झालं असणार. कमी झालं नाही, म्हणजे पास. पण बंद पाइपमध्ये हवा वाढेल कुठून? छतावर गेलो तर पाइपला हात लावता येत नव्हता.

हिशोब असा आहे. नळीत आपल्याला फक्त 300 दिसतात, पण ते वातावरणाच्या दाबाच्या वरचे. आतल्या हवेचा खरा दाब नागपूरच्या उंचीवर साधारण 10,300 मिलिमीटर पाण्याइतका येतो. तापमान केल्विनमध्ये 310 च्या आसपास धरा. बंद हवेचा दाब याच तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून 10,300 ला 310 ने भागलं तर 33. म्हणजे पाइप फक्त एक डिग्री तापला तरी पाणी 33 मिलिमीटर चढतं. मेच्या उन्हात दहा मिनिटांत एक डिग्री काहीच नाही! लीकने 20 काढले आणि उन्हाने 32 भरले तर वहीत 12 वाढच दिसणार.

साबणाचं पाणीही लावून पाहिलं, पण तापलेल्या पाइपवर ते बुडबुडा यायच्या आत सुकतं.

मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी पोचलो. मेसवाले काका चहा करायला गॅस नाही म्हणून वैतागलेले, ते बरोबरच होतं. तोच प्लग, तेच 300, तीच दहा मिनिटं. रीडिंग 279. पहाटे पाइप अजून किंचित थंड होत असतो त्याचे दोन-तीन धरले तरी बाकीचे गेले कुठे? स्टोअरच्या भिंतीतून पाइप आत येतो तिथल्या युनियनला साबण लावला, फेसाची बारीक माळ येत राहिली. पाइपमध्ये साधारण 14 लिटर हवा, म्हणजे दहा मिनिटांत जेमतेम 30 मिलिलिटर. एलपीजी हवेपेक्षा जड, आणि रात्री खोली बंद, म्हणून वास तिथेच साचायचा. युनियन खोलली तर सीटवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेला, जिथे त्याचं काहीच काम नाही. बदलली, पुन्हा दहा मिनिटं, 298.

एजन्सीच्या माणसाला फोन करून सांगितलं की उन्हातली टेस्ट धरू नका, आणि संध्याकाळीही नको, तेव्हा पाइप थंड होतो आणि चांगली लाइन लीक दिसते, मग लोक उगाच जॉइंट उसवत बसतात. तो म्हणाला, "सर, पोरं दहाच्या आधी येत नाहीत, आणि फॉर्मवर तापमानाचा रकानाच नाही." मग मी विचारलं की मे महिन्यात किती लाइन पास केल्या. तर म्हणतो, रजिस्टर बघून सांगतो. अजून सांगितलं नाही.