पॅटर्न वहीत लिहून द्या म्हणतात

“वकीलसाहेब, फोन माझा, सिम माझं. कंपनी पासवर्ड मागती, द्यावाच लागतो का? नाही म्हटलं तर काढतील का?”

द्यावा लागत नाही. काढतील का, हे मात्र तुम्ही कायम आहात की कंत्राटी, त्यावर बरंचसं ठरतं.

वाळूजच्या एका कारखान्यातली गोष्ट. रिजेक्ट मालाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला आणि एचआरनं क्वालिटीच्या सगळ्या पोरांचे फोन ट्रेमध्ये जमा केले. वही फिरवली: नावापुढं स्क्रीनचा पॅटर्न काढा, इन्स्टाग्रामचा पासवर्ड लिहा. पैठणकडच्या एकानं कँटीनच्या मागून, दुसऱ्याच्या फोनवरून मला विचारलं. मी म्हटलं, साफ नकार देऊ नकोस. अर्ज लिही: “त्या दिवशीचे फोटो आणि तो ग्रुप मी स्वतः, माझ्या हातानं दाखवतो. फोन आणि पासवर्ड देणार नाही.” पोच घे.

दाखवणं वेगळं आणि किल्ली देणं वेगळं. त्या पॅटर्नमागं बँकेचे ओटीपी असतात, बायकोचे मेसेज असतात. तिनं कुठं कंपनीला परवानगी दिलीय?

पुढं अपेक्षेप्रमाणं नोटीस आली, वरिष्ठांचा आदेश मोडला म्हणून. सगळी मेख इथंच आहे. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, गैरवर्तन म्हटलंय ते ‘कायदेशीर आणि वाजवी’ आदेश मोडण्याला, कुठल्याही आदेशाला नाही. उत्तरात आम्ही तेवढंच धरलं. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पासवर्ड हा संवेदनशील माहितीत मोडतो. तो घ्यायचा तर लेखी संमती लागते, कामापुरती खरी गरज लागते, आणि देणाऱ्याला नाही म्हणायची मुभा असते. फोटो समोर दाखवायला माणूस तयार असताना पासवर्डची गरज उरते कुठं? चौकशी पुढं सरकलीच नाही.

2017 चा सुप्रीम कोर्टाचा खासगीपणाचा निकाल पोरं मला मोबाईलवर दाखवतात. निकाल मोठाच आहे, पण मूलभूत हक्क प्रामुख्यानं सरकारविरुद्ध चालतात. खासगी मालकापुढं तो थेट कामी येईलच, याचा भरवसा नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यानं 2012 मध्येच मालकांना असे पासवर्ड मागायला बंदी घातली. आपल्याकडं तसा नेमका कायदा नाही. त्यामुळं कंत्राटी पोराला “उद्यापासून येऊ नको” म्हणणं सोपं जातं, आणि कारण कागदावर येतच नाही. कंपनीनं दिलेला फोन असेल तर तो तपासायचा त्यांना बराच अधिकार आहे. त्यात घरचं काही ठेवूच नका.

त्याच दिवशी दुसऱ्या एकानं वहीत पॅटर्न काढून दिला होता. महिन्यानं तो माझ्याकडं आला. मी त्याला व्हॉट्सअॅपमध्ये Linked devices, म्हणजे त्याचं व्हॉट्सअॅप आणखी कुठं चालू आहे त्याची यादी, उघडायला लावलं. घरी कॉम्प्युटर नाही त्याच्या, आणि यादीत एक Windows होतं.